खोटा ताळा

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे त्या ताळेबाई. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा प्राचार्यांनीच भर बैठकीत "ताळेबाई, तुमचं काय मत?" असं विचारलं आणि जीभ चावली. बाईंना राग आला नाही. असल्या गोष्टींवर त्या राग खर्च करत नसत. त्यांचा राग निराळ्या कामासाठी राखून ठेवलेला असायचा.

ताळ्याची सवय त्यांना थोरल्या बहिणीनं लावली. ताई सात वर्षांनी मोठी, शिवणकाम करून घराला हातभार लावायची, आणि शिलाई मारता मारता धाकटीचा अभ्यास घ्यायची. धाकटीनं भागाकार करून पाटी पुढं केली की ताई मशीन थांबवायची नाही. नुसतं म्हणायची, "उत्तर आलं? आता उलटं गुण, बाकी मिळव, आणि मूळची संख्या आली तरच मला दाखव." धाकटी कुरकुरायची. ताईचं उत्तर ठरलेलं असायचं, "कापड कापायच्या आधी दोनदा मोजतात. तुझं तर फुकटचं आहे, पाटीच पुसायची आहे."

पुढं ही धाकटी गणितात एम.एस्सी. झाली आणि कॉलेजात अंकशास्त्र शिकवू लागली. विषय बाक्यांचा. एखादी संख्या धरायची, समजा त्रेचाळीस, आणि सगळ्या जगाला त्रेचाळीसनं भागून फक्त बाकी बघायची. बाकी सारखी असेल त्या संख्या एकाच घरच्या मानायच्या. त्यात एक नेहमीचा प्रश्न असतो: सतराला कशानं गुणलं म्हणजे त्रेचाळीसनं भागून बाकी एक उरेल? त्या संख्येला सतराचा व्यस्त म्हणायचं. व्यस्त हाती आला की सतरा गुणिले अमुक बरोबर तमुक असली गणितं चुटकीसरशी सुटतात.

पण व्यस्त काढायची रीत लांबलचक. आधी भागाकारांची शिडी उतरायची, मग तीच शिडी उलटी चढायची, आणि चढताना अधिक-उणे चिन्हं पायात पाय घालतात. भल्याभल्यांचं तिथंच घसरतं. म्हणून बाई दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायच्या, "चिन्ह चुकणं हा गुन्हा नाही. ताळा न करणं हा गुन्हा आहे. व्यस्त मिळाला की उलटं गुणा. बाकी एक आली तर ठीक. नाही आली तर तुमचं अक्षर कितीही मोत्यासारखं असो, उत्तर चूक."

त्या वर्षी उत्तरपत्रिका तपासायला सगळ्या कॉलेजांतले शिक्षक एका मोठ्या सभागृहात बोलावले होते. लांबच लांब टेबलं, वर पंखे, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि प्रत्येकासमोर दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. प्रत्येकाला आदर्श उत्तरांची एक प्रत मिळायची. तिच्याशी ताडून गुण द्यायचे. बाईंना त्यांच्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षांमुळे यायला एक दिवस उशीर झाला. त्या पोचल्या तेव्हा बाकीच्यांचे बरेच गठ्ठे हातावेगळे झाले होते.

मुख्य परीक्षक म्हणून जे सर बसले होते त्यांना सगळे मागं उद्या-बघू सर म्हणत. कुठलाही प्रश्न नेला की ते दोन्ही तळहात टेबलावर ठेवून म्हणायचे, "उद्या बघू." उद्या गेलं की म्हणायचे, "अजून तेच घेऊन बसलात?" त्यांनी बाईंना गठ्ठा दिला आणि सांगितलं, "उशिरा आलात, तेव्हा जरा हात चालवा. निकाल वेळेवर लावायचाय."

बाई जागेवर बसल्या. शेजारी आजोबा सर होते, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेले. बाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं, पेन्सिल काढली आणि आदर्श उत्तरं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

"पत्रिका तपासायच्यात बाई, आदर्श उत्तरं नाहीत," आजोबा सर म्हणाले.

"मोजपट्टी बघून घेते, सर. मग कापड."

चौथ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापाशी पेन्सिल थांबली. प्रश्न असा होता: सतराला कोणत्या संख्येनं गुणलं म्हणजे त्रेचाळीसनं भागल्यावर बाकी नऊ येईल ते काढा, आणि उत्तराचा ताळा दाखवा. उत्तराला चार गुण, ताळ्याला दोन. आदर्श उत्तरात शिडी सगळी बरोबर उतरली होती: त्रेचाळीसमध्ये सतरा दोनदा, बाकी नऊ, सतरात नऊ एकदा, बाकी आठ, नवात आठ एकदा, बाकी एक. मग चढण. आणि चढणीच्या शेवटी लिहिलं होतं: सतराचा व्यस्त पाच. पाच नव्वे पंचेचाळीस, त्यातून त्रेचाळीस गेले, उत्तर दोन. त्याखाली ठसठशीत अक्षरात: ताळा, १७ × २ ही संख्या ४३ ने भागल्यावर बाकी ९. म्हणून उत्तर बरोबर.

बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, सतरा दुणे चौतीस. चौतीस त्रेचाळीसहून लहानच आहे, म्हणजे बाकी चौतीसच. नऊ कुठून आली?

त्या एक ओळ मागं गेल्या. सतरा पंचे पंच्याऐंशी. त्यातून त्रेचाळीस गेले, उरले बेचाळीस. एक हवा होता, आले बेचाळीस, म्हणजे त्रेचाळीसला एक कमी, उणे एक. ओळखीचाच अपघात. चढताना उणे पाच आले होते आणि उणे गळून पडलं होतं. उणे पाचात त्रेचाळीस मिळवले की अडतीस. बाईंनी करून पाहिलं. सतरा गुणिले अडतीस सहाशे शेहेचाळीस, त्रेचाळीस पंधरे सहाशे पंचेचाळीस, बाकी एक. आता अडतीस नव्वे तीनशे बेचाळीस, त्यातून त्रेचाळीस सत्ते तीनशे एक वजा, राहिले एक्केचाळीस. आणि शेवटचा ताळा: सतरा गुणिले एक्केचाळीस सहाशे सत्त्याण्णव, त्यातून त्रेचाळीस सोळे सहाशे अठ्ठ्याऐंशी गेले, बाकी नऊ. खरं उत्तर एक्केचाळीस.

चिन्ह गळालं याचा बाईंना राग आला नाही. चिन्ह त्यांच्याही हातून गळालं असेल. पण ती 'ताळा' म्हणून लिहिलेली ओळ वाचून त्यांच्या कानशिलांशी गरम वाटू लागलं. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं सतराला दोननं गुणलंच नव्हतं. ताळा केला नाही, आणि केला म्हणून लिहिलं. चूक वेगळी आणि खोटी साक्ष वेगळी.

"सर, या प्रश्नाला तुम्ही कसे गुण दिलेत?" त्यांनी आजोबा सरांना विचारलं.

"दोन उत्तर असेल त्याला पूर्ण, नसेल त्याला शून्य. का?"

"सतरा दुणे?"

"चौतीस." आजोबा सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. क्षणभर आदर्श उत्तराकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग आपल्या तपासून झालेल्या गठ्ठ्यांकडे. "अरे देवा," ते हळूच म्हणाले.

बाईंनी त्यांच्या गठ्ठ्यातल्या चारपाच पत्रिका उघडून पाहिल्या आणि प्रत्येक पत्रिकेगणिक त्यांचा पारा चढत गेला. एका मुलीनं व्यस्त अडतीस काढला होता, उत्तर एक्केचाळीस, खाली सहाशे सत्त्याण्णव, सहाशे अठ्ठ्याऐंशी, बाकी नऊ, सगळं स्वच्छ. त्यावर लाल फुली. दुसऱ्यानं उत्तर उणे दोन लिहिलं होतं. त्यावरही फुली.

"हे तरी चूकच ना?" आजोबा सर म्हणाले. "उणे दोन म्हणजे काय उत्तर झालं?"

"गुणून बघा. सतरा गुणिले उणे दोन, उणे चौतीस. त्यात त्रेचाळीस मिळवा."

"नऊ."

"मग? उणे दोन आणि एक्केचाळीस एकाच घरचे. एक मागच्या दारानं आला, एक पुढच्या."

तिसरी पत्रिका बघून बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या विद्यार्थ्यानंही आदर्श उत्तरासारखंच चिन्ह गाळलं होतं आणि उत्तर दोन काढलं होतं. पण त्यानं ताळा खरोखर केला होता. खाली लिहिलं होतं: 'सतरा दुणे चौतीस. नऊ येत नाही. माझं उत्तर चुकलं आहे, पण कुठे ते सापडत नाही आणि वेळ संपत आला.' त्याला उत्तराचे चार मिळाले होते, आणि ताळ्याचं शून्य.

"ज्यानं खरं सांगितलं त्याचे दोन गुण कापले," बाई म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता, पण पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या.

त्या उठल्या आणि प्रत घेऊन उद्या-बघू सरांसमोर उभ्या राहिल्या. सरांनी ऐकून घेतलं, दोन्ही तळहात टेबलावर ठेवले.

"उद्या बघू."

"उद्यापर्यंत आणखी गठ्ठे होतील, सर. सगळ्यांच्या फुल्या चुकीच्या पडतायत."

"बाई, हा पेपर कुणी काढलाय माहीत आहे का? मोठ्या सरांनी. त्यांना मी फोन करून सांगू की तुमचा पाढा चुकला?"

मोठे सर. बाई एम.एस्सी.ला असताना त्यांनीच हा विषय शिकवला होता. सगळ्या कॉलेजांत त्यांचा दबदबा. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी निम्मे विभाग भरलेले. उद्या-बघू सरही त्यातलेच.

"तुम्ही नका करू. मी करते."

"आणि तोपर्यंत आदर्श उत्तरानुसार तपासा. नियम तो आहे."

"सतरा दुणे चौतीस हाही नियमच आहे," बाई म्हणाल्या. "या प्रश्नाला मी चुकीचे गुण देणार नाही. हवं तर लेखी देते." आणि तिथंच उभ्यानं कागद मागून घेऊन त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या.

फोन त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यातून लावला. मोठ्या सरांनी आधी ख्यालीखुशाली विचारली, मग विषय निघाल्यावर आवाज बदलला.

"मी हा विषय शिकवायला लागलो तेव्हा तू शाळेत होतीस."

"हो सर. म्हणून तर तुम्हाला विचारते. तुम्ही व्यस्त पाच काढलाय. सतरा पंचे?"

"पंच्याऐंशी."

"त्रेचाळीसनं भागून बाकी?"

 पलीकडं कुठंतरी नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"बेचाळीस," मोठे सर म्हणाले. मग म्हणाले, "चिन्ह राहिलं."

"चिन्ह राहतं, सर. पण खाली ताळा लिहिलाय."

"घाईत लिहिला असेल. बरं, मी बोलतो त्यांच्याशी. तू मात्र हे लेखी-बिखी कुठं देऊ नकोस. गोष्ट घरातल्या घरात मिटवू."

बाईंनी लेखी दिलंय हे सांगितलं. फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक टेबलावर सुधारित आदर्श उत्तर होतं. उत्तर एक्केचाळीस, ताळा खरा. झालेले गठ्ठे पुन्हा उघडून तेवढा प्रश्न नव्यानं तपासा, अशी सूचना. सभागृहात कुरकुर सुरू झाली. कुणी बाईंकडे पाहून म्हणालं, "काहींना स्वस्थ बसवत नाही." बाईंनी ते कानाआड केलं. पण सूचनेची पहिली ओळ त्यांना गिळवेना. तिथं छापलं होतं: टंकलेखनातील चुकीमुळे.

"टंकलेखन?" त्यांनी आजोबा सरांना विचारलं.

"तसंच ठरलं म्हणे. गोपनीय विभागात ती टायपिस्ट ताई नाही का, कंत्राटावरची? तिला उद्यापासून येऊ नका सांगितलं." आजोबा सरांनी इकडंतिकडं पाहिलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी. पण आपण काय करणार?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि जिना उतरून गोपनीय विभागात गेल्या.

खोलीला एकच खिडकी, तीही रंगवून बंद केलेली. टायपिस्ट ताई डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरत होती. पस्तिशीची बाई, रडलेली दिसत नव्हती. कंटाळलेली दिसत होती.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

"काय व्हायचंय? म्हणाले, तुझ्या हातून उणे चिन्ह गळालं. मला गणित येत नाही, मॅडम. समोर दिसेल ते मारते. एक टिंबसुद्धा माझ्या मनाचं घालत नाही."

"हस्तलिखित कुठं आहे?"

"प्रूफ मंजूर झालं की फाडून टाकायचं असतं. मोठ्या सरांनी स्वतः प्रूफ वाचून सही केली, आणि माझ्यासमोर कागद फाडायच्या यंत्रात घातले." ती उशीची धूळ झटकत म्हणाली, "आता माझा शब्द आणि त्यांचा शब्द. कुणाचा खरा ठरणार ते मलाही कळतं."

बाई तिथंच एका स्टुलावर बसल्या. पर्समधून जुनं आदर्श उत्तर काढलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी गणितज्ञाच्या नाही, टायपिस्टच्या डोळ्यांनी. उणे चिन्ह कुठं गळू शकतं, कुठं नाही. वाचता वाचता त्या ताठ झाल्या.

"पिशवी ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दाची गरजच पडणार नाही."

त्या रागात घरी गेल्या आणि रागातच जेवायला बसल्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, अबोल माणूस. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आम्ही लिफ्ट दुरुस्त केली की कागदावर सही करायच्या आधी स्वतः आत बसून वर-खाली जातो. न बसता सही केली आणि दोर तुटला, तर वायरमनवर ढकलता येत नाही. सही कुणाची ते बघतात."

"तुमच्याकडे बघतात. आमच्याकडे बघत नाहीत."

"मग दाखव," तो म्हणाला आणि बाईंच्या ताटात भाजी वाढली.

बाईंच्या अर्जावरून बैठक ठरली. ती उद्या-बघू सरांनी दोनदा पुढं ढकलली, आणि दोन्ही वेळा बाई त्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा तिसऱ्यांदा ती झाली. परीक्षा विभागाचे एक अधिकारी, उद्या-बघू सर, मोठे सर आणि बाई. टायपिस्ट ताईला दाराजवळ उभं केलं होतं. बाईंनी आधी तिला खुर्ची मागितली. अधिकारी जरा बावरले, पण खुर्ची आली.

"मूळ कागद नाही," अधिकारी म्हणाले. "तेव्हा सिद्ध कसं करणार?"

"गणितानं," बाई म्हणाल्या आणि फळ्याशी गेल्या. "धरून चालू की सरांनी व्यस्त उणे पाच लिहिला होता आणि टायपिस्टनं उणे गाळलं. मग सरांच्या पुढच्या ओळी काय असतील? उणे पाच गुणिले नऊ, उणे पंचेचाळीस. त्यात त्रेचाळीस दोनदा मिळवले, म्हणजे शहाऐंशी, की एक्केचाळीस. शेवटचं उत्तर नेहमी शून्यापासून बेचाळीसपर्यंतच लिहायचं, हे सरांनीच आम्हाला शिकवलं. एक्केचाळीसला उणे चिन्ह नसतं. जे नाही ते गळणार कसं? टायपिस्टनं वाटेतली सगळी उणे चिन्हं खाल्ली असती तरी शेवटी कागदावर एक्केचाळीसच छापलं गेलं असतं."

त्यांनी छापील प्रत वर धरली. "इथं काय आहे? पाच नव्वे पंचेचाळीस, वजा त्रेचाळीस, दोन. हे चुकून टाइप झालेलं नाही. हे कुणीतरी पाच धरून सुसंगत सोडवलेलं गणित आहे. यांना गणित येत नाही. मग हे गणित कुणी सोडवलं?"

उद्या-बघू सर खिडकीबाहेर बघू लागले. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या कागदावर पाच नव्वे पंचेचाळीस करून पाहिलं.

"आणि ही ओळ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थरथरत होता, आणि तो थरथरतोय याचाही त्यांना राग येत होता. "सतरा दुणे भागिले त्रेचाळीस, बाकी नऊ. म्हणून उत्तर बरोबर. हे वाक्य टायपिस्ट कशाला रचेल? सतरा दुणे चौतीस. हे एकदा, फक्त एकदा केलं असतं, तर चूक तिथंच सापडली असती. मुलांना ताळ्याचे दोन गुण ठेवले आणि आपण ताळा केला नाही. वर त्याचं खापर पगारात सगळ्यात खालच्या माणसावर."

"जरा माझ्या वयाचा विचार कर," मोठे सर म्हणाले. इतका वेळ ते काठीच्या मुठीकडे पाहत होते.

"करते, सर. पण तिच्या घराचा विचार कोण करणार?"

 मोठ्या सरांनी बाईंकडे पाहिलं नाही. ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "हस्तलिखितातच तसं होतं. लिहून घ्या." एवढंच. क्षमा असा शब्द आला नाही, ना टायपिस्टकडे मान वळली. त्यांनी सही केली, काठी टेकत उठले आणि निघून गेले. बाईंना वाटलं होतं की हे ऐकून राग निवेल. तो निवला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला चार शब्द बोलायला एवढा जोर लावावा लागतो, याचा त्यांना नव्यानं संताप आला.

टायपिस्ट ताई पुढच्या आठवड्यात कामावर परतली. काढून टाकल्याचा तोंडी हुकूम तोंडीच मागं घेतला गेला. मधल्या दिवसांचं काय, हे विचारल्यावर उद्या-बघू सरांनी तळहात टेबलावर ठेवले. बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा तिनं चहा दिला, पण थोडं अंतर राखूनच.

"मॅडम, तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं," ती म्हणाली. "पण आता इथं माझ्याशी कुणी धड बोलत नाही. मी जणू मोठ्या सरांचं नाव घालवलं. तुम्ही तुमच्या कॉलेजात परत जाणार. मला रोज इथंच यायचंय."

 ती म्हणत होती ते खरं होतं. चहा संपवून त्या उठल्या, आणि जिन्यात त्यांना मोठ्या सरांपेक्षा त्या सगळ्या न बोलणाऱ्यांचा जास्त राग आला.

सभागृहात तो प्रश्न पुन्हा तपासला गेला. आजोबा सरांनी आपले गठ्ठे स्वतःहून सगळ्यांत आधी उघडले आणि उणे दोनलाही पूर्ण गुण दिले. एका गृहस्थांनी उणे दोन कापलेलं बाईंना दिसलं तेव्हा त्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडून सतरा गुणिले उणे दोन करवून घेतलं. ज्या मुलानं 'माझं उत्तर चुकलं आहे' असं लिहिलं होतं त्याचे उत्तराचे गुण गेले, जायलाच हवे होते. पण बाईंनी आजोबा सरांशी बोलून त्या चारातले रीतीचे दोन आणि ताळ्याचे दोन मिळवून दिले. आधीही चार होते, आताही चारच. बेरीज तीच राहिली, पण आता ती खऱ्या जागी पडली होती. निकाल ठरल्या तारखेलाच लागला. उशीर होईल म्हणून जी कुरकुर झाली होती तिच्यातलं काहीच झालं नाही.

पुढच्या वर्षी परीक्षकांच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. त्यांना परीक्षेच्या काळात जिन्यावर उभं राहून विद्यार्थ्यांच्या बाटल्या तपासायचं काम मिळालं. त्या ते नीट करत.

मोठे सर त्यानंतर एकदा एका चर्चासत्रात समोर आले. बाईंनी वाकून नमस्कार केला, कारण शिकवलं होतं ते खरंच होतं. सरांनी मान हलवली आणि दुसऱ्याशी बोलू लागले.

बाईंनी परीक्षा विभागाला एक अर्ज केला: आदर्श उत्तर छापण्याआधी ते दुसऱ्या एका शिक्षकानं सोडवून बघावं, आणि जिथं उलटं गुणून ताळा करता येतो तिथं तो आकड्यांनिशी लिहावा, नुसतं 'उत्तर बरोबर' असं नको. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का पडला. उत्तर आलं नाही. दर सत्राच्या सुरुवातीला बाई नवा अर्ज करतात, आधीच्या अर्जाची प्रत जोडून. आवक खिडकीवरचा कारकून आता त्यांना ओळखतो.

"बाई, कशाला दर वेळी खेटे घालता? वर कुणी वाचतही नाही," तो परवा म्हणाला.

"तुम्ही शिक्का मारा," बाई म्हणाल्या. "आणि तारीख स्पष्ट उमटली का ते बघा."